बोन मॅरो ट्रान्सप्लांट: हाफ मॅच डोनर घ्यावा का? अनुभव हवेत

नीराकाठ | ४ जून, रात्री १०:४०

माझ्या दादाला (वय २९) फेब्रुवारीत एएमएल, म्हणजे ब्लड कॅन्सर निघाला. पुण्यात उपचार चालू आहेत. पहिली मोठी केमो आणि त्यानंतरची एक झाली. आता मॅरो रेमिशनमध्ये आहे, म्हणजे तपासणीत आजार दिसत नाही. पण जनुकांच्या रिपोर्टमध्ये आजार परत येण्याचा धोका जास्त दिसतो, म्हणून डॉक्टर म्हणतात नुसत्या केमोवर थांबू नका, ट्रान्सप्लांट करून घ्या.

घरातल्या सगळ्यांची एचएलए तपासणी झाली, म्हणजे कोणाच्या पेशी दादाशी जुळतात ते बघितलं. पूर्ण जुळणारं कोणीच नाही. मी (२६, एक मुलगी आहे), धाकटा भाऊ (२१) आणि आई (५२) तिघंही हाफ मॅच. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे त्यांचं नाव डॉक्टरांनी आधीच काढलं. रजिस्ट्रीत एक पूर्ण जुळणारा डोनर दिसतो आहे, पण त्याची पक्की तपासणी व्हायची आहे आणि दोन-तीन महिने लागू शकतात असं सांगितलं.

हाफ मॅच म्हणजे यश येण्याची शक्यताही अर्धीच का? आई म्हणते, मी जन्म दिला, मीच देणार. दादा काहीच बोलत नाही. इथे कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

सदाफुली | ४ जून, रात्री ११:१५

ताई, धीर धरा. दादांच्या जन्माच्या वेळची नाळ साठवलेली आहे का? माझ्या मुलाची आम्ही बँकेत ठेवली आहे. त्यातून सगळं होतं म्हणतात.

गोदाकाठचा | ५ जून, सकाळी ७:०५

माझ्या वडिलांचं दोन वर्षांपूर्वी स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालं. त्यांच्याच पेशी काढल्या, गोठवल्या, मेलफॅलन या केमोचा एक मोठा डोस दिला आणि परत चढवल्या. अठराव्या दिवशी घरी आले. डोनर-बिनर काही लागला नाही. तुम्ही डोनर कशाला शोधताय? डॉक्टरांना विचारा की स्वतःच्याच पेशी का नाही घेत.

सिस्टर_वैजू | ५ जून, दुपारी ३:२०

नाइट ड्यूटी करून आत्ता उठले आहे. ट्रान्सप्लांट युनिटमध्ये १३ वर्षं काम करते. मी डॉक्टर नाही, आणि दादाचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत. जे रोज बघते ते लिहिते.

गोदाकाठचा, तुमच्या वडिलांना मायलोमा, म्हणजे मॅरोतला दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर असणार. त्यात स्वतःच्या पेशी घेतात, कारण तिथे काम करतं ते मेलफॅलन. पेशी फक्त मॅरो परत उभा राहावा म्हणून देतात. एएमएलमध्ये हिशोब वेगळा आहे. तिथे नुसता मॅरो नको असतो, दुसऱ्याची प्रतिकारशक्ती हवी असते. केमोच्या तावडीतून सुटलेल्या कॅन्सरच्या पेशींना डोनरच्या पेशी परकं म्हणून ओळखतात आणि मारतात. हे डॉक्टरांना कळलं ते जुळ्या भावंडांवरून. एकसारख्या जुळ्याच्या पेशी दिल्या तर जीव्हीएचचा, म्हणजे डोनरच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावरच हल्ला करण्याचा त्रास जवळजवळ होत नाही, पण आजार परत येण्याचं प्रमाण जास्त असतं. थोडं परकेपण उपयोगाचं, ते असं.

सदाफुली, नाळेतल्या पेशी मोठ्या माणसाच्या वजनाला सहसा कमी पडतात. आणि स्वतःची नाळ स्वतःच्याच ब्लड कॅन्सरला चालत नाही, कारण बिघाड तिच्यातही असू शकतो. पुढे स्वतःला लागेल म्हणून नाळ साठवायला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे.

आता नीराकाठ, तुमचा प्रश्न. हाफ मॅचचा 'हाफ' एचएलएच्या जुळण्याबद्दल आहे, यशाबद्दल नाही. एचएलएचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. म्हणून आई आणि वडील प्रत्येक मुलाला अर्धे जुळतातच. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दादाला भावंडं दोन, म्हणजे दोघांपैकी कोणीतरी पूर्ण जुळण्याची शक्यता शेकडा ४४. तुमचं नाही जुळलं, यात कुणाचा काही दोष नाही.

वीसेक वर्षांपूर्वी असा डोनर कोणी सहज घेत नसे. आता घेतात, आणि त्याचं मोठं कारण एक जुनं, स्वस्त औषध आहे. रात्री ड्यूटीवरून आल्यावर नीट लिहिते.

पैठणी_मोर | ५ जून, संध्याकाळी ६:५०

रक्तगट जुळतो का ते आधी बघा, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ. आणि डोनरच्या मणक्यातून मॅरो काढतात, त्याने कंबर कायमची जाते. माझ्या मावसदिरांच्या ओळखीत झालं आहे. धाकट्या भावाचं लग्न व्हायचंय, विचार करून ठरवा.

देवगड_हापूस | ५ जून, रात्री ८:३०

मोर, नम्रपणे असहमत. मी स्वतः रजिस्ट्रीतून एका अनोळखी माणसाला पेशी दिल्या आहेत. कोणाला दिल्या ते मला आजही माहीत नाही.

मणक्याला कोणी हात लावला नाही. मूळपेशी मॅरोतून रक्तात याव्यात म्हणून पाच दिवस रोज जीसीएसएफचं इंजेक्शन, वजनाच्या किलोमागे १० मायक्रोग्रॅम या हिशोबाने. मी ६० किलोचा, म्हणून ३०० च्या दोन. तिसऱ्या दिवसापासून कंबर आणि मांड्या इतक्या ठणकल्या की जिना चढताना कठड्याला धरावं लागलं. साध्या पॅरासिटामोलने भागलं. पाचव्या दिवशी एका हातातून रक्त बाहेर, मशीनमधून फिरून दुसऱ्या हातात परत. साधारण साडेचार तास. ओठांना मुंग्या आल्या, तेव्हा सिस्टरने कॅल्शियम दिलं. रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्याने कॅल्शियम उतरतं म्हणे. दोन दिवसांनी ऑफिसला गेलो.

मॅरो काढतातच तर कमरेच्या मागच्या हाडातून, भूल देऊन. तो काही आठवड्यांत भरून येतो.

सिस्टर_वैजू | ६ जून, सकाळी ९:४५

हापूस, छान लिहिलंत. आमच्याकडे डोनर आला की मी हेच सांगते, पण अनुभवातून ऐकलेलं जास्त पटतं.

रक्तगट जुळला नाही तरी ट्रान्सप्लांट होतो. काळजी घ्यावी लागते, काही वेळा पेशी स्वच्छ करून द्याव्या लागतात, पण अडत नाही. उलट काही महिन्यांनी पेशंटचा गटच डोनरचा होतो.

आता ते औषध. डे झिरोला, म्हणजे पेशी चढवतात त्या दिवशी, त्या पिशवीत फक्त मूळपेशी नसतात. डोनरच्या लढाऊ टी पेशीही असतात. त्यांतल्या ज्यांना पेशंटचं शरीर परकं वाटतं त्या लगेच चवताळून वाढायला लागतात. बाकीच्या स्वस्थ बसून असतात. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देतात, किलोमागे ५० मिलिग्रॅम. दादांचं वजन ६२ असेल तर रोज ३१०० मिलिग्रॅम. हे औषध वाढत असलेल्या पेशींना मारतं, म्हणजे नेमक्या चवताळलेल्यांना. स्वस्थ बसलेल्या बऱ्याच वाचतात, आणि त्याच पुढे जंतूंशी लढतात. मूळपेशी वाचतात कारण त्या औषधाला निष्प्रभ करणारं एन्झाइम त्यांच्यात भरपूर असतं.

यामुळे दोन गोष्टी घरच्यांनी आधीच माहीत करून घ्याव्यात. पेशी चढवल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत १०२-१०३ ताप येऊ शकतो. जंतुसंसर्ग धरून अँटिबायोटिक देतात, कल्चर पाठवतात, पण बहुतेक वेळा तो त्या चवताळलेल्या पेशींचाच असतो. तेव्हा नातेवाईक म्हणतात, एवढा ताप आहे, स्टेरॉइड द्या ना. ते शक्य तोवर टाळतात, कारण स्टेरॉइडने त्या पेशी गप्प बसल्या तर तिसऱ्या दिवशीच्या औषधाला त्या सापडणारच नाहीत. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्याही त्यामुळेच पाचव्या दिवसापासून सुरू करतात.

दुसरी गोष्ट लघवीची. हे औषध मूत्राशयाला सोलतं. म्हणून सलाइन आणि मेस्ना चालू असतं, आणि आम्ही रात्रीसुद्धा दर दोन तासांनी उठवतो. पेशंट वैतागतात. उठवू द्या.

बाभूळबन | ६ जून, सकाळी १०:३०

शेतकरी माणूस आहे, मला असं समजलं: पेशी चढवण्याआधी जी केमो देतात ती कंडिशनिंग, म्हणजे नांगरणी करून तण काढायचं, मग नवं बी पेरायचं. बरोबर का?

सिस्टर_वैजू | ६ जून, सकाळी ११:१०

बऱ्यापैकी. एवढंच की या शेतात जुनं रान नव्या बियाण्यावर हल्ला करतं. म्हणून कंडिशनिंगला तण काढण्याबरोबर पेशंटची स्वतःची प्रतिकारशक्तीही झोपवावी लागते, नाहीतर आलेल्या पेशी ती रुजूच देत नाही. फ्लुडाराबिन मुख्यतः त्यासाठी. बुसल्फान किंवा मेलफॅलन मॅरो आणि उरलेला आजार साफ करतात. काही ठिकाणी रेडिएशन देतात. वय जास्त असेल, हृदय किंवा लिव्हर नाजूक असेल तर नांगर हलका चालवतात आणि बरंचसं काम डोनरच्या पेशींवर सोडतात. हलक्यात शरीराला त्रास कमी, पण आजार परत येण्याची भीती थोडी जास्त. तरुण पेशंटला म्हणून सहसा जोरदार देतात.

कंडिशनिंगचे दिवस उलटे मोजतात, वजा सात, वजा सहा असे. जोरदार कंडिशनिंग सुरू झालं की मागे फिरता येत नाही. पेशी मिळाल्या नाहीत तर मॅरो आपोआप परत येईल याचा भरवसा नसतो. डोनरची सगळी तपासणी त्याआधी पूर्ण झालेली असायला हवी. काही युनिटं पेशी आधीच काढून गोठवून ठेवतात.

आणि नीराकाठ, दादाला पुढे मूल हवं असेल तर वीर्य साठवण्याची सोय आत्ताच विचारा. घरात हा विषय निघत नाही आणि वेळ निघून जाते. मी हे फार वेळा बघितलं आहे.

मुलुंडकर | ६ जून, रात्री ९:००

मी वेगळं मत मांडतो. माझ्या पत्नीचा ट्रान्सप्लांट रजिस्ट्रीतल्या पूर्ण मॅच डोनरकडून झाला. पहिला डोनर तपासणीत बाद झाला, दुसरा मिळेपर्यंत अकरा आठवडे गेले. त्या काळात एक जादा केमो घ्यावी लागली आणि तिच्यात बुरशीचा न्यूमोनिया झाला. तरी मी म्हणेन, थांबलो ते बरं केलं. आज पाच वर्षं झाली, गोळ्या बंद आहेत. पूर्ण मॅच उपलब्ध असताना अर्ध्यावर का जायचं?

सिस्टर_वैजू | ७ जून, सकाळी १०:०५

मुलुंडकर, पत्नींना नमस्कार सांगा. पाच वर्षं ऐकून बरं वाटलं.

तुमचं चूक म्हणणार नाही. डॉक्टरांमध्येही यावर एकमत नाही. आता तेच सायक्लोफॉस्फामाइड पूर्ण मॅच असलेल्यांनाही देतात, २०२३ मध्ये त्यावर मोठा अभ्यास आला आणि जीव्हीएच कमी दिसला. त्यामुळे पूर्ण मॅचची बाजू पुन्हा थोडी जड झाली आहे. पण तुम्हीच लिहिलंत, अकरा आठवडे आणि न्यूमोनिया. ज्याचा आजार परत यायला टपलेला आहे, त्याला तेवढा वेळ आहे का, हा खरा प्रश्न. तो दादाचे डॉक्टरच सांगतील.

चौथा_मजला | ७ जून, रात्री ११:५०

चार वर्षांपूर्वी माझा हाफ मॅच ट्रान्सप्लांट झाला. वडील डोनर. हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय. नीराकाठ, घाबरवायचं नाही, पण जीव्हीएच म्हणजे 'थोडी खाज' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मला मेलफॅलन चढत असताना अर्धा तास आधीपासून बर्फाचे खडे चघळायला लावले होते. तोंडातल्या शिरा आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. मी मध्येच कंटाळून थांबलो. सहाव्या दिवशी तोंड असं आलं की थुंकी गिळता येईना, मॉर्फिनवर होतो. दादाला मेलफॅलन असेल तर बर्फ सोडू देऊ नका.

सतराव्या दिवशी काउंट आले, म्हणजे नव्या पेशी रुजल्या. सत्ताविसाव्या दिवशी घरी. अडतिसाव्या दिवशी तळहात आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या, उन्हाने भाजल्यासारख्या. मला वाटलं गच्चीत बसलो म्हणून. दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी हिरवट पाण्यासारखे जुलाब सुरू झाले.

पुढचा महिना वॉर्डात गेला. माझी आई मापाच्या भांड्यात प्रत्येक जुलाब मोजून वहीत लिहायची. मला फार लाज वाटायची. नंतर कळलं, त्या आकड्यावरच आजार किती पुढे गेलाय ते ठरतं. दिवसाला अर्धा लिटर ओलांडला की तो जीव्हीएचमध्ये धरतात, दीड लिटरच्या पुढे गंभीर. माझा एका दिवशी १७०० झाला. दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढला, कारण सीएमव्ही नावाच्या व्हायरसनेही असेच जुलाब होतात. जीव्हीएचला प्रतिकारशक्ती दाबायची आणि सीएमव्हीत ती सांभाळत व्हायरस मारायचा. अंदाजाने चालत नाही.

स्टेरॉइड किलोमागे २ मिलिग्रॅम. आठवडाभर दिलं, फार फरक नाही. मग रुक्सोलिटिनिबच्या गोळ्या सुरू केल्या आणि हळूहळू आकडा उतरला. स्टेरॉइडने साखर वाढली, मांड्यांतली ताकद गेली. भारतीय पद्धतीच्या संडासात बसलो तर उठता येईना. घरी कमोड बसवून घ्या, दादा परत यायच्या आधी.

एवढं होऊनही आज मी नोकरी करतो आहे, आणि मॅरो स्वच्छ आहे.

पैठणी_मोर | ८ जून, सकाळी ८:००

वाचून डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे अंगावर लाल चट्टे आले की पेशी कॅन्सरला मारतायत, ही चांगली खूण मानायची ना? वैजूताईंनी वर लिहिलंय, परकेपण उपयोगाचं.

सिस्टर_वैजू | ८ जून, दुपारी ४:१५

नाही हो, मोरताई. माझंच लिहिणं अपुरं पडलं. सौम्य जीव्हीएच झालेल्यांत आजार परत येणं काहीसं कमी दिसतं, हे खरं. पण आतड्याचा आणि लिव्हरचा जोराचा जीव्हीएच माणूस नेतो. कोणीही तो यावा म्हणून वाट बघत नाही. चट्टा दिसला की खूण-बिण न मानता त्याच दिवशी फोन करायचा. चौथा_मजलाचे ते दोन दिवस गेले, तसे जाऊ द्यायचे नाहीत.

नीराकाठ | ८ जून, रात्री १०:२०

सगळ्यांचे खूप आभार. दोनदा वाचलं. काल दादाला वीर्य साठवण्याबद्दल मीच विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, बरं झालं तू विचारलंस. उद्या जातोय.

एक भीती आहे. मार्चमध्ये प्लेटलेट मिळत नव्हत्या तेव्हा धाकट्यानेच दादाला दिल्या होत्या. बाबांनी एकदा रक्त दिलं. परवा वेटिंग रूममध्ये एक बाई म्हणाल्या, घरच्यांचं रक्त दिलं की डोनर म्हणून ते बाद. खरं का?

आणि आईला कसं सांगू? तिला वाटतं आम्ही तिला डावलतोय.

सिस्टर_वैजू | ९ जून, सकाळी १०:३०

बाद नाही. पण घरच्यांचं रक्त घेऊ नये म्हणतात त्याला कारण आहे. दादाच्या शरीरात धाकट्याच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात. तशा असल्या तर पेशी रुजत नाहीत. म्हणून डोनरविरुद्धच्या अँटिबॉडीची, डीएसए नावाची तपासणी तिन्ही हाफ मॅचसाठी करून घ्या. सापडल्या तर दुसरा डोनर घेतात, किंवा त्या कमी करायचा उपचार करतात. यापुढे घरच्यांचं रक्त नको, आणि जे मिळेल ते रेडिएशन दिलेलं आहे ना, हे पिशवीवर बघा.

आईंबद्दल. तरुण डोनर बरा पडतो हे एक. दुसरं, गरोदरपणात बाईची प्रतिकारशक्ती बाळातल्या परक्या भागाला एकदा भेटलेली असते आणि ते लक्षात ठेवते. अशा बाईच्या पेशी पुरुष पेशंटला दिल्या तर जीव्हीएच थोडा जास्त होतो. तुम्हालाही मुलगी आहे, त्यामुळे तुमचंही नाव धाकट्याच्या मागे येईल. आईंना एवढंच सांगा की त्यांचा अर्धा वाटा दादात आधीपासून आहे. आणि डिस्चार्जनंतरचे तीन महिने कोण सांभाळणार, ते काम पेशी देण्यापेक्षा मोठं आहे. चौथा_मजलाच्या आईची वही आठवा.

बाभूळबन | ९ जून, दुपारी १२:१०

शेवटचं वाक्य आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवलं.

नीराकाठ | २९ जून, रात्री ९:३०

थोडक्यात कळवते. रजिस्ट्रीतल्या डोनरची पक्की तपासणी ऑगस्टच्या आधी होणार नाही. डॉक्टर म्हणाले, इतकं थांबायला नको. डीएसए धाकट्याविरुद्ध नाही, माझ्याविरुद्धही नाही, आईविरुद्ध थोडा आहे. आईनेच रिपोर्ट वाचला आणि म्हणाली, मग लहानाचंच घ्या. ८ जुलैला दादा आत जातोय.

नीराकाठ | १८ जुलै, पहाटे ४:५०

परवा, १६ तारखेला, पेशी चढवल्या. धाकट्याच्या एकाच दिवसाच्या कलेक्शनमध्ये ३१ कोटी निघाल्या, म्हणजे दादाच्या किलोमागे ५० लाख. हवा होता तेवढाच आकडा. पिशवी बघितली तर टोमॅटोच्या सारासारखी दिसत होती, पाऊण तासात संपली.

रात्रीपासून १०३ ताप आहे. रेसिडेंट म्हणाल्या स्टेरॉइड देणार नाही. ६ जूनची वैजूताईंची पोस्ट मोबाइलवर काढून आईला वाचून दाखवली. ती आता झोपली आहे.

सिस्टर_वैजू | १८ जुलै, सकाळी ८:१०

तुम्हीही झोपा. उद्या पहिला सायक्लोफॉस्फामाइड. त्यानंतर ताप उतरायला हवा.

नीराकाठ | २० जुलै, रात्री ११:००

उतरला. ९९. रात्री दर दोन तासांनी उठवतायत, दादा चिडलाय. मी म्हटलं, उठवू दे.

नीराकाठ | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४०

काउंट अठराव्या दिवशी आले होते, गेले दोन आठवडे आम्ही हॉस्पिटलजवळच्या खोलीत आहोत. आज ३६ वा दिवस. दुपारी दादाच्या पाठीवर आणि तळव्यांवर लाल पुरळ दिसलं. जुलाब नाहीत. शेजारच्या खोलीतले काका म्हणतात कॅलामाइन लावा, गोळ्यांची उष्णता आहे.

चौथा_मजला | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४४

आत्ता फोन करा. सकाळची वाट बघू नका.

सिस्टर_वैजू | २१ ऑगस्ट, रात्री ८:०५

बरोबर. युनिटच्या नंबरवर फोन करा, अंगावरच्या पुरळाचे फोटो काढून ठेवा, जुलाब झाला तर मोजा. काही लावू नका. आणि उद्या सकाळी टॅक्रोलिमसची गोळी तपासणीला रक्त दिल्यानंतरच घ्यायला सांगा, नाहीतर तिची रक्तातली लेव्हल खोटी येते. मध्ये बुरशीवरची गोळी बदलली किंवा बंद झाली होती का?

नीराकाठ | २१ ऑगस्ट, रात्री ११:३०

हो! बुरशीची गोळी मागच्या गुरुवारी बंद केली, लिव्हरचे आकडे वाढले म्हणून. तिचा काय संबंध? आम्ही वॉर्डात आलोय. डॉक्टरांनी अंग तपासलं, पाव भागापेक्षा जरा जास्त अंगावर पुरळ आहे म्हणाले. उद्या बायोप्सी.

सिस्टर_वैजू | २२ ऑगस्ट, सकाळी ७:००

ती गोळी टॅक्रोलिमस शरीराबाहेर जाऊ देत नाही. ती बंद झाली की तोच डोस कमी पडायला लागतो. डोस तेव्हाच वाढवला नसेल तर लेव्हल उतरली असणार. डॉक्टरांच्या लक्षात असेलच, तरी आठवण करा. उलट दिशेने म्हणजे पपनस आणि ग्रेपफ्रूट. त्याने लेव्हल वाढते. पपनसाचे दिवस आलेत, घरी कोणी आणलं तर दादाला नको.

नीराकाठ | २६ ऑगस्ट, रात्री ९:१५

लेव्हल खरंच उतरली होती. डोस वाढवला. बायोप्सीत जीव्हीएच आहे म्हणाले, पण फक्त कातडीचा. लिव्हरच्या आकड्यांचं कारण त्यांना बुरशीची गोळीच वाटते, ती थांबवल्यापासून आकडे उतरतायत. लावायचं स्टेरॉइड दिलंय, पोटातलं अजून नाही. पुरळ फिकं पडतंय. आई रोज वही लिहिते. जुलाब शून्य, तरी लिहिते.

मुलुंडकर | २७ ऑगस्ट, सकाळी ९:२०

शून्य लिहिणंही महत्त्वाचं आहे. आमची वही अजून कपाटात आहे.

नीराकाठ | २५ ऑक्टोबर, रात्री १०:०५

काल शंभरावा दिवस होता. मॅरो स्वच्छ. रक्तातल्या पेशी शंभर टक्के धाकट्याच्या. दादा बी पॉझिटिव्ह होता, आता तपासणीत ओ दिसायला लागलाय. धाकटा त्याला म्हणतो, आता माझ्या डासांनाही तूच सांभाळ. टॅक्रोलिमस कमी करायला सुरुवात केली आहे. डॉक्टर म्हणाले, आता प्रत्येक वेळी डोस उतरवला की दोन-तीन आठवडे नीट लक्ष ठेवा.

मुलुंडकर, तुम्ही विचारलं होतं, अर्ध्यावर का जायचं. आमच्या बाबतीत त्याचं उत्तर फक्त वेळ हे होतं. थांबलो असतो तर काय झालं असतं ते मला सांगता येत नाही.

चौथा_मजला, तुम्हाला एक विचारायचं आहे. गेल्या आठवड्यापासून दादाला वरणभात खातानाही तोंडात चुरचुर होते आणि सकाळी डोळे उघडताना वाळू गेल्यासारखं वाटतं. मंगळवारी दाखवणार आहोत. तुम्हाला सुरुवात अशीच झाली होती का?

चौथा_मजला | २५ ऑक्टोबर, रात्री १०:५०

हो, अगदी अशीच. मला मिसळ तर सोडाच, टूथपेस्टही झोंबायची. जीव्हीएचचा जुनाट प्रकार असाच हळू येतो, अंग लाल होतंच असं नाही. मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून अश्रूंची पट्टी लावून तपासणी मागा, तोंडात गालाच्या आतून पांढऱ्या जाळीसारखं दिसतं का ते बघायला सांगा. आणि फुंकून करतात ती फुप्फुसाची टेस्ट आत्ता करून घ्या, दम लागत नसला तरी. पुढे फुप्फुसात काही सुरू झालं तर आजच्या आकड्याशीच तुलना करायची असते. माझी पहिली टेस्ट आठव्या महिन्यात झाली, तोवर आकडा उतरलेला होता आणि आधी किती होता हे कोणालाच माहीत नव्हतं.

नीराकाठ | २५ ऑक्टोबर, रात्री ११:०२

वहीत लिहून घेतलं. मंगळवारी मागते.